'डन मग, मेल टाक मॅडमना'

रात्रीचे पावणेबारा. ग्रुपवर दोनशेच्या वर मेसेज झालेत. आयडिया सगळ्यांना भारी वाटतेय आणि कुणीतरी लिहितं, 'डन मग. सीआर, मेल टाक मॅडमना.' आता सीआर तुम्ही आहात. सकाळी उठून त्या दोनशे मेसेजमधून एक मेल काढायचाय, आणि तो वाचून एचओडी मॅडमनी 'हो' म्हणायला हवं. 'भेटा' म्हणायला नको. 'भेटा' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. स्टाफरूमच्या दाराशी तीन चकरा, आणि मग परीक्षा जवळ येते.

समजा तुम्ही एसवाय बीएस्सीला, केमिस्ट्रीला आहात. ग्रुपवर हे असं काहीतरी झालंय:

'यार पाण्याचं काहीतरी करू ना'
'22 मार्च वर्ल्ड वॉटर डे!!'
'सोसायट्यांमधलं बोअरचं पाणी टेस्ट करायचं. फ्री'
'भारी!! रील पण काढू'
'मार्चमध्ये प्रॅक्टिकल एक्झाम आहे बावळटांनो'
'टीशर्ट छापू'
'100 सॅम्पल घेऊ'
'100 कोण करणार, तुझे पप्पा?'
'मामाच्या सोसायटीत बोअर आहे, विचारते'
'आणि पाणी खराब निघालं तर लोकांना काय सांगायचं?'
'शनिवारी दुपारी लॅब रिकामी असते ना?'
'डन मग'

यातून बहुतेक जण जो मेल लिहितात, त्याची सुरुवात 'पाणी हे जीवन आहे'पासून होते. दुसऱ्या परिच्छेदात वर्ल्ड वॉटर डे येतो, तिसऱ्यात 'आम्हाला आपलं मार्गदर्शन आणि सहकार्य हवं आहे'. मॅडम हा मेल दोन लेक्चरच्या मधे, फोनवर वाचतात. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत गेल्या तरी त्यांना कळत नाही की नेमकं कशाला हो म्हणायचंय. मार्गदर्शनाला कुणाचा नकार असणार? पण तेवढ्यावर लॅबची किल्ली मिळत नाही.

गडबड अशी की चॅटचा क्रम हा उत्साहाचा क्रम असतो. मॅडमना मात्र त्या क्रमाने वाचायचं असतं ज्या क्रमाने त्यांना पुढे प्रश्न विचारले जाणार आहेत. बऱ्याचदा त्यांनाही तो मेल प्रिन्सिपलकडे फॉरवर्ड करावा लागतो. तिथून पहिला प्रश्न येतो तो 'कोणत्या दिवशी, किती मुलं, सोबत कोण' असा. रीलबद्दल कुणी विचारत नाही.

म्हणून लिहायला बसण्याआधी चॅट एकदा वरून खालपर्यंत वाचा, आणि मेसेजचे तीन ढीग करा. ठरलेलं, न ठरलेलं आणि आक्षेप. पहिला ढीग पाहून धक्का बसेल, कारण त्यात जवळपास काहीच नसतं. वरच्या चॅटमध्ये ठरलंय ते एवढंच की बोअरचं पाणी तपासायचं. तारीख ठरलेली नाही. किती सॅम्पल, तेही नाही. अंगठ्याचे सोळा इमोजी म्हणजे शनिवारी येणारी सोळा माणसं नव्हेत. त्यामुळे ग्रुपवर सरळ विचारा, 'शनिवारी सकाळी आठ ते दुपारी तीन, नक्की कोण? नाव लिहा.' जितकी नावं येतील तितकाच आकडा मेलमध्ये जाईल. आपण वीस धरू.

खरा ऐवज तिसऱ्या ढिगात आहे. 'मार्चमध्ये एक्झाम आहे', '100 कोण करणार' आणि 'पाणी खराब निघालं तर' हे तीन मेसेज ग्रुपवर स्टिकरखाली गाडले गेले. मॅडम नेमकं हेच विचारणार आहेत. ग्रुपमधल्या कटकट्या मेंबरने तुमचा मेल अर्धा लिहून दिलाय, तुम्हाला फक्त उत्तरं शोधायचीत.

एक्झामचं उत्तर सोपं. 22 मार्चचा मोह सोडा आणि फेब्रुवारीतला पहिला शनिवार घ्या. वर्ल्ड वॉटर डे हातचा जातो, पण लॅब मिळते.

'100 कोण करणार' याला मात्र हिशेब लागतो, आणि तो आपल्याच प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आहे. हार्डनेससाठी 50 मिली पाणी घेऊन 0.01 मोलर ईडीटीएने टायट्रेशन. एका सॅम्पलची दोन रीडिंग घेतली, तर ब्युरेट धुण्यासकट अर्धा तास धरा. वीस जणांच्या दहा जोड्या, दहा ब्युरेट. म्हणजे अर्ध्या तासात दहा सॅम्पल आणि दीड तासात तीस. पीएच आणि टीडीएस मीटरवर पटकन होतात. बारा ते तीनमध्ये तीस सॅम्पल आरामात बसतात, शंभर बसत नाहीत. केमिकल किती लागेल? हार्डनेस लिटरला 600 मिलिग्रॅम असला, तर 50 मिली पाण्याला 30 मिली ईडीटीए जातं. साठ रीडिंगचे झाले 1800 मिली. म्हणजे दोन लिटर द्रावण आणि त्यासाठी साधारण साडेसात ग्रॅम डायसोडियम ईडीटीए. 'केमिकल्स कमीत कमी वापरू' या वाक्याने मॅडमना काहीच कळत नाही. 'साडेसात ग्रॅम' वाचल्यावर त्यांना कपाट उघडूनही बघावं लागत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. सोसायटीतल्या काकांना तुम्ही कागद दिलात की हार्डनेस इतका, पीएच इतका, टीडीएस इतका. काका तो नोटीस बोर्डावर लावतात आणि म्हणतात, 'कॉलेजने सांगितलंय, पाणी चांगलं आहे.' पण तुम्ही जंतू तपासलेच नाहीत. टीडीएस छान असलेलं पाणी पिऊनही माणूस आजारी पडू शकतो. आणि त्या कागदावर विभागाचं नाव आहे. मॅडमना काळजी वाटेल ती याची. त्यामुळे 'पिण्यायोग्य' हा शब्द निकालात कुठेही येणार नाही, हे मेलमध्ये आधीच लिहायचं. आकडे द्यायचे, शेजारी भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 10500 मधली मर्यादा द्यायची (हार्डनेससाठी 200 आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 मिलिग्रॅम प्रति लिटर), आणि खाली ठळक लिहायचं की जंतूंची तपासणी केलेली नाही. हे वाक्य वाचून मॅडमचा निम्मा विरोध गळून पडतो, असा माझा अंदाज आहे.

मेलमध्ये ज्यांचं नाव येणार, त्यांना आधी विचारा. 'सर येतील' असं परस्पर लिहिलंत, आणि मॅडमनी कॉरिडॉरमध्ये सरांनाच विचारलं, तर संपलंच. लॅब असिस्टंट काकांनाही विचारा. शनिवारी लॅब रिकामी असते की काका तेव्हा ती धुतात, हे फक्त त्यांनाच माहीत असतं.

आता मेल. इंग्रजीतच हवा असं काही नाही, तुमच्या विभागात अर्ज ज्या भाषेत चालतात त्या भाषेत लिहा.

विषय: मंजुरीसाठी – शनिवार 6 फेब्रुवारी, दु. 12 ते 3, लॅब 2, बोअरच्या पाण्याचे 30 नमुने

आदरणीय मॅडम,

एसवायच्या आम्हा 20 विद्यार्थ्यांना शनिवार, 6 फेब्रुवारीला दुपारी 12 ते 3 लॅब 2 वापरण्याची आपली परवानगी हवी आहे. कॉलेजजवळच्या 15 सोसायट्यांतून प्रत्येकी दोन नमुने (बोअर आणि टाकी) सकाळी 8 ते 10 मध्ये गोळा करून आम्ही त्यांचा हार्डनेस, पीएच आणि टीडीएस तपासणार आहोत.

देखरेख: (सरांचं नाव) पूर्ण वेळ थांबायला तयार आहेत. लॅब असिस्टंटशी बोलणं झालं आहे, त्या वेळी लॅब मोकळी आहे.
केमिकल: ईडीटीए साधारण 7.5 ग्रॅम. बफर आणि इंडिकेटर नेहमीच्या प्रॅक्टिकलचेच.
खर्च: 600 रुपये (250 मिलीच्या 35 बाटल्या 420, लेबल व प्रिंट 180), केमिस्ट्री असोसिएशनच्या शिल्लक रकमेतून.
निकाल: फक्त आकडे आणि आयएस 10500 ची मर्यादा. जंतूंची तपासणी केलेली नाही आणि हा पाणी पिण्यायोग्य असल्याचा दाखला नाही, असं प्रत्येक कागदावर छापू. वाटण्याआधी सर तपासतील.

आपल्याकडून लॅब व खर्चाला मंजुरी आणि सोसायट्यांना द्यायच्या सोबतच्या पत्रावर सही हवी आहे. शुक्रवार, 22 जानेवारीपर्यंत कळलं तर सोसायट्यांना दोन आठवडे आधी सांगता येईल.

आपली,
(नाव, वर्ग, रोल नंबर, फोन)

विषयाची ओळ बघा. मेल न उघडताच तारीख, वेळ, जागा आणि काय हवंय ते कळतं. पहिलं वाक्य मागणीचं आहे. 22 जानेवारीला कारण जोडलंय, त्यामुळे ती घाई वाटत नाही. टीशर्ट गायब आहेत, रीलही. पहिल्याच मेलमध्ये ते घातले, तर लॅबच्या मंजुरीसोबत त्यांचीही चर्चा होते आणि सगळंच अडकतं. रीलचं पुढच्या आठवड्यात, सरांना विचारून बघा.

चॅटचे स्क्रीनशॉट जोडायचे नाहीत, हे सांगायला नको. (सांगायला लागतं. 'बावळटांनो'सकट जोडलेले मी पाहिलेत.) 'पर्याय अ, पर्याय ब' देणंही टाळा. पर्याय दिला की मॅडमना ठरवत बसावं लागतं, आणि ठरवणं उद्यावर जातं. तारीख एकच द्या. जमत नसेल तर त्याच दुसरी सांगतील.

पाठवण्याआधी एक चाचणी करा. ग्रुपमध्ये नसलेल्या मित्राला मेल अर्धा मिनिट दाखवा, फोन काढून घ्या आणि विचारा, 'कधी, कुठे, किती पैसे, मॅडमनी काय करायचं?' एकाचंही उत्तर अडलं तर ती माहिती खाली कुठेतरी दडलीय. ती वर आणा.

सोमवारी सकाळी पाठवा. गुरुवारपर्यंत उत्तर नाही आलं, तर नवा मेल लिहू नका. त्याच मेलवर एक ओळ टाका: 'मॅडम, उद्यापर्यंत कळलं तर सोसायट्यांना पत्रं देता येतील.' उत्तर बहुधा एका ओळीचंच येईल. 'ठीक आहे. निकालाच्या कागदाचा मजकूर आधी मला दाखवा. नमुने आणायला दोघा-दोघांनीच जा.' हा होकार आहे. त्यातल्या दोन्ही अटी जशाच्या तशा ग्रुपवर टाका, आणि वर पिन करा. नाहीतर रात्री पावणेबाराला पुन्हा कुणीतरी टीशर्टचं काढेल.