कर्ज बुडते तेव्हा आधी कोण बुडते?

तिरोडा तालुक्यातल्या कुठल्याही गावात आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी सकाळी मायक्रो फायनान्स कंपनीचा माणूस येतो. गटातल्या बायका सतरंजीवर बसतात, हप्ते मोजून दिले जातात आणि कार्डावर सही होते. कर्ज तीस-चाळीस हजारांचे असते. ते कुणी शेळीसाठी घेतलेले असते, कुणी शिलाई मशीनसाठी, तर कुणी रोवणीच्या मजुरीसाठी. हप्ता भरणाऱ्या बाईला सहसा ठाऊक नसते की तिचे कर्ज कंपनीने कधीच दुसऱ्याला विकलेले असू शकते. हप्ता तोच राहतो, व्याजदर तोच राहतो आणि वसुलीला येणारा माणूसही तोच असतो. पैसे मात्र पुढे एका ट्रस्टच्या खात्यात जातात. तिथून मुंबईतल्या एखाद्या बँकेच्या किंवा म्युच्युअल फंडाच्या तिजोरीत पोचतात.

बँक अशी विनातारण, छोटी, हजारो कर्जे विकत घ्यायला तयार का होते? कारण ती सगळी जोखीम विकत घेत नाही. कर्जांचा ढीग एकत्र करून त्यावरचे हक्क वरचा आणि खालचा अशा थरांत कापलेले असतात. या थरांना ट्रांच म्हणतात. आलेल्या पैशावर पहिला हक्क वरच्या थराचा आणि तोट्याचा पहिला मान खालच्या थराचा. पैसा ज्या क्रमाने वरून खाली उतरतो त्याला या व्यवसायात वॉटरफॉल म्हणतात. बोदलकसा तलावाच्या कालव्यावर ज्याची शेती आहे त्याला हे वेगळे समजावायला नको. तोंडाशी असलेले शेत आधी भिजते, टेलच्या शेताला उरलेले पाणी मिळते, आणि तलावात पाणी कमी असेल त्या वर्षी टेल आधी कोरडे पडते.

आता आकडे घेऊ. पुढचा करार कल्पित आहे, पण आपल्याकडचे असे करार साधारण याच घडणीचे असतात. समजा, एका कंपनीने पाच हजार कर्जे निवडली. प्रत्येकाची वीस हजार रुपये बाकी, म्हणजे एकूण 10 कोटी. व्याज वर्षाला 24 टक्के आणि परतफेड अठरा मासिक हप्त्यांत. ही कर्जे ट्रस्टकडे गेली आणि ट्रस्टने त्यांच्यावर प्रमाणपत्रे काढली, ज्यांना बाजारात पीटीसी म्हणतात. वरचा थर, ए-1, साडेआठ कोटींचा. तो 12 टक्के व्याजाने बँकेने घेतला. मधला थर, ए-2, 50 लाखांचा. तो 15 टक्क्यांनी एका धाडसी गुंतवणूकदाराने घेतला. उरलेल्या एक कोटीच्या कर्जांवर कुणालाच प्रमाणपत्र दिले नाही. तो भाग मूळ कंपनीचा, आणि तोच सर्वांत खालचा थर. याशिवाय कंपनीने 50 लाखांची मुदत ठेव केवळ ए-1 च्या आधारासाठी बाजूला ठेवली. तिला रोख तारण म्हणतात.

पहिल्या महिन्यात सगळ्यांनी हप्ते भरले तर सुमारे 67 लाख जमा होतात. 20 लाख व्याजाचे आणि 47 लाख मुद्दलाचे. आधी ट्रस्टी आणि वसुलीचा खर्च, समजा 50 हजार. मग ए-1 चे व्याज, साडेआठ लाख. मग ए-1 चे मुद्दल, आलेले सगळे 47 लाख. मग ए-2 चे व्याज, साधारण 60 हजार. तळाशी 10 लाख 40 हजार उरतात, आणि ते मूळ कंपनीला परत जातात. ही रक्कम म्हणजे मुख्यतः कर्जदार बायका देतात ते 24 टक्के आणि गुंतवणूकदार घेतात ते 12 ते 15 टक्के यांच्यातला फरक. या जादा व्याजाकडे नीट पाहा, कारण तोट्याविरुद्धची पहिली भिंत तीच असते.

वसुली 80 टक्क्यांवर आली असे समजू. आले 53 लाख 60 हजार, म्हणजे 13 लाख 40 हजार कमी. खर्च आणि ए-1 चे व्याज वजा जाता 44 लाख 60 हजार उरले. ए-1 ला कबूल केलेले मुद्दल मात्र 47 लाखांचे. कमी पडलेले 2 लाख 40 हजार रोख तारणातून काढले. ए-2 चे व्याज थांबले, कंपनीच्या हाती शून्य आले. गावात दर पाचवा रुपया आला नाही, तरी बँकेच्या खात्यात एक पैसाही कमी पडला नाही. वसुली 50 टक्क्यांवर गेली तर एका महिन्यात रोख तारणातून साडेबावीस लाख जातील. असे दोन महिने गेले की ठेव जवळजवळ संपते आणि तिसऱ्या महिन्यात तुटवडा थेट ए-1 पर्यंत पोचतो.

मात्र पैसे उशिरा येणे आणि पैसे बुडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही करारांत मुद्दलही दर महिन्याला वेळेवर देण्याचे वचन असते; काहींत व्याज वेळेवर, पण मुद्दल शेवटच्या तारखेपर्यंत कधीही. हा फरक 2020 साली प्रत्यक्ष दिसला. रिझर्व्ह बँकेने 1 मार्चपासून हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली आणि ती पुढे 31 ऑगस्टपर्यंत वाढवली. कर्जदारांचे हप्ते थांबले, पण पीटीसीचे वेळापत्रक आपोआप थांबले नाही. त्यासाठी गुंतवणूकदारांची संमती लागत होती. दुसऱ्या प्रकारच्या करारांना श्वास घ्यायला जागा होती, पहिल्या प्रकारच्या करारांना रोख तारणाकडे धावावे लागणार होते.

आता कायमच्या तोट्याकडे वळू. जादा व्याज क्षणभर बाजूला ठेवू, म्हणजे हिशेब स्वच्छ दिसेल. शेवटी 80 लाख बुडाले तर ते सगळे कंपनीच्या एक कोटीच्या थरातून जातात. एक कोटी 30 लाख बुडाले तर कंपनीचा थर संपतो आणि ए-2 चे 50 पैकी 30 लाख जातात. तोटा 10 टक्क्यांवरून 13 वर गेला एवढ्याने त्या गुंतवणूकदाराचे 60 टक्के गेले. पातळ थराचे दुखणे हेच असते: त्यात अर्धवट नुकसान फार थोडा वेळ टिकते, तो एक तर साबूत असतो किंवा साफ जातो. दीड कोटीला ए-2 संपला. त्यानंतरचे 50 लाख रोख तारण झेलते. दोन कोटींपर्यंत, म्हणजे ढिगाच्या 20 टक्क्यांपर्यंत, ए-1 सुखरूप राहतो. अडीच कोटी बुडाले तर ए-1 चे 50 लाख जातात, म्हणजे साडेआठ कोटींचे जेमतेम 6 टक्के.

मग प्रश्न उरतो 20 टक्के बुडतील का, हा. सगळी मेख इथे आहे. समजा, प्रत्येक कर्ज बुडण्याची शक्यता 5 टक्के आहे आणि एकीच्या बुडण्याचा दुसरीशी काही संबंध नाही. कुणाचा नवरा आजारी पडला, कुणाची शेळी मेली. पाच हजारांत साधारण अडीचशे कर्जे बुडतील. संख्याशास्त्र सांगते की प्रत्यक्ष आकडा जवळपास नेहमीच 4 ते 6 टक्क्यांच्या आत राहील. 20 टक्के केवळ कागदावर शक्य. आता सरासरी तीच ठेवू, पण वर्षे बदलू. दहापैकी नऊ वर्षे चांगली, त्यात 2 टक्के बुडतात. एक वर्ष वाईट, त्यात 32 टक्के बुडतात. सरासरी पुन्हा बरोबर 5 टक्के. पण त्या एका वर्षात कंपनीचा थर गेला, ए-2 गेला, रोख तारण गेले आणि ए-1 मधूनही एक कोटी 20 लाख गेले. कर्जे तीच, सरासरी तीच, थरही तेच. फक्त बायका एकेकट्या अडचणीत येण्याऐवजी एकाच वेळी अडचणीत आल्या.

पूर्व विदर्भात असे एकाच वेळी बुडवणारे वर्ष केवळ उदाहरणापुरते नसते. 2017 च्या खरिपात भंडारा-गोंदियाच्या धानावर तुडतुडे पडले आणि कापणीच्या तोंडावर बांध्याच बांध्या करपल्या. सरकारला कापसाच्या बोंडअळीबरोबर धानाच्या तुडतुड्यासाठीही मदत जाहीर करावी लागली. तुडतुडा शेजारणीची बांधी सोडत नाही. शिवाय ज्या घरी शेती नाही, त्या घरची मजुरीही त्याच धानावर चालते. त्याच्या आदल्या वर्षी, 8 नोव्हेंबर 2016 ला, नोटाबंदी झाली. रोखीने चालणारी आठवडी वसुली अडखळली. त्याच हंगामात राज्यभर स्थानिक निवडणुका आल्या आणि कर्जमाफीच्या अफवा पसरल्या. विदर्भातल्या अनेक भागांत मायक्रो फायनान्सची वसुली कोसळली आणि महिनोन् महिने सावरली नाही. पाच-सात कामांमधून पोट भरणारी घरे कागदावर वेगवेगळी दिसतात, पण नोटा आणि धान यांच्याबाबतीत ती एकच असतात.

अमेरिकेत 2007-08 मध्ये नेमके हेच मोठ्या प्रमाणावर घडले. घरकर्जांच्या ढिगांचे मधले, पातळ थर गोळा करून त्यांचा नवा ढीग केला गेला, आणि त्यालाही थर पाडून वरच्या मोठ्या भागाला सर्वोच्च मानांकन मिळाले. घरांच्या किमती देशभर एकदम पडल्या तेव्हा ते पातळ थर एकदम संपले. वेगवेगळ्या शहरांतून आणल्याचा काहीच उपयोग झाला नाही. भारतात अशी थरांवर थरांची रचना रिझर्व्ह बँकेने बंद ठेवली आहे, आणि माझ्या मते हा 2021 च्या निर्देशांतला सर्वांत शहाणा भाग आहे. त्याच निर्देशांनुसार कर्जे विकणाऱ्या कंपनीला स्वतःचा काही भाग जोखमीत ठेवावाच लागतो: साधारणपणे मूळ मुदत दोन वर्षांपर्यंत असेल तर 5 टक्के, त्याहून जास्त असेल तर 10. पहिला तोटा स्वतःच्या अंगावर येणार असेल तर कंपनी कर्ज देताना घर पाहून देते, हा त्यामागचा विचार आहे.

करार बिघडतोय हे कसे ओळखायचे? पीटीसीचा दर महिन्याला अहवाल निघतो. त्यात वसुलीची टक्केवारी असते, पण ती कशी मोजली हे पाहावे लागते. जुनी थकबाकी आणि मुदतीआधी फेडलेली कर्जे त्यात मिळवली तर चालू महिन्याची वसुली 85 टक्के असतानाही आकडा 98 दिसू शकतो. तीस दिवसांहून जुनी थकबाकी किती, हा आकडा जास्त खरे बोलतो. रोख तारण एकदाही उचलले गेले असेल तर जादा व्याजाची भिंत कोसळली आहे, हे निश्चित समजावे. एक गोष्ट मात्र अहवालात दिसत नाही: नवे कर्ज देऊन जुने फेडून घेतले असेल तर हप्ता वेळेवर आलेला दिसतो, आणि घर मात्र अधिक कर्जात गेलेले असते.

पीटीसीत किमान एक कोटी गुंतवावे लागतात, म्हणून या पुरवणीचे बहुतेक वाचक ती थेट घेणार नाहीत. पण तुमच्या म्युच्युअल फंडाच्या यादीत ती असू शकते. तिथे ए-1 पुढचे मानांकन वाचण्याआधी दोन आकडे शोधा: त्या ढिगात एका जिल्ह्याचा वाटा किती आणि एका पिकावर जगणाऱ्या भागाचा वाटा किती. पहिला आकडा बहुधा मिळेल. दुसरा विचारून घ्या.