मधे थांबलीस की चुकलीस

सांगलीत एका दुकानाच्या माडीवर संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरतो. येणाऱ्या बहुतेक जणी नर्स, दिवसपाळी संपवून आलेल्या. त्यांच्यातल्या एकीकडून कळलं की तिथल्या मॅडम 'ॲलर्जिक' हा शब्द शिकवतच नाहीत, 'ॲलर्जिक टू' शिकवतात. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तिथे जाऊन बसले.

हजेरी झाली, गृहपाठ तपासला गेला. मग मॅडमनी फळ्यावर 'ॲलर्जिक टू' लिहिलं आणि दोन्ही शब्दांखाली एकच सलग रेघ ओढली. "आठवड्याला पाच," त्या मला म्हणाल्या. "सहावा घेतला की पहिला गळतो."

त्यांचा आक्षेप आहे तो प्रत्यय बदलून इंग्रजी बोलण्यावर. 'डिपेंड ऑन' आणि 'इंटरेस्टेड इन' आपल्याला सहज जमतात, कारण मराठीतही आपण डोसवर अवलंबून असतो आणि आपल्याला कामात रस असतो. 'वर'चं ऑन झालं, 'त'चं इन झालं. इथेच घात होतो. हाच हिशेब पुढे चालवला की 'डॉक्टर माझ्यावर रागावले'चं 'अँग्री ऑन मी' होतं आणि 'त्याच्याशी लग्न झालंय'चं 'मॅरीड विथ हिम'. हवं असतं 'अँग्री विथ मी' आणि 'मॅरीड टू हिम'. 'पेनिसिलिनची ॲलर्जी' म्हणताना तर 'ची'मुळे तोंडात 'ऑफ' येतंच.

माझं लक्ष मात्र पुन्हा पुन्हा खिडकीजवळच्या एका नर्सकडे जात होतं. तालुक्याच्या रुग्णालयात ती पाच वर्षं काम करतेय, आता मोठ्या शहरातल्या मुलाखतीची तयारी चालली आहे. तिला वाक्य दिलं, पेशंटला पेनिसिलिन चालत नाही. "ही इज ॲलर्जिक..." म्हणून ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "टू पेनिसिलिन." उत्तर बरोबर होतं, तरी मॅडमनी मान हलवली. "अगं, मधे थांबलीस. म्हणजे तू मनात 'ची' शोधत होतीस." चूक ओळखायची त्यांची ही खूण मला फार पटली. उत्तर बरोबर आलं तरी तेवढ्या थांबण्यावरून कळतं की जोडी अजून बसलेली नाही. तिने पुन्हा म्हटलं. 'टू' हलका, जवळजवळ 'ट'सारखा, 'ॲलर्जिक'ला चिकटून आला. मग मॅडमनी तिच्याच वॉर्डातला पेशंट घ्यायला लावला, पेनिसिलिनच्या जागी शेंगदाणे आले, नंतर चिकटपट्टी आली.

त्यानंतरची जोडी 'कम्प्लेन'ची. पेशंटच्या छातीत दुखत असेल तर 'कम्प्लेनिंग ऑफ चेस्ट पेन'. त्याला जेवण आवडलं नसेल तर 'कम्प्लेनिंग अबाउट द फूड'. लक्षण असेल तर ऑफ, गाऱ्हाणं असेल तर अबाउट. पाळी बदलताना पुढच्या नर्सला द्यायच्या निरोपात हा फरक रोज कामाला येतो.

मागच्या बाकावरची एक जण नियम मागत होती. तिची मागणी मला रास्त वाटली. काही नियम आहेतही. कुठल्याही प्रीपोझिशननंतर क्रियापद आलं तर ते 'आयएनजी' लावून येतं, म्हणून 'इंटरेस्टेड इन वर्किंग'. पण ॲलर्जिकला टूच का, हे नियमाने सुटत नाही. शब्दाच्या भावंडांवरही भरवसा ठेवता येत नाही. 'डिपेंडंट ऑन' म्हणतात आणि 'इंडिपेंडंट ऑफ'. म्हणून नवा शब्द आला की मॅडम शब्दकोश उघडायला लावतात. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवता शिकवता विद्यार्थ्यांसाठी रचलेला आणि तिथेच 1942 मध्ये पहिल्यांदा छापला गेलेला कोश पुढे ऑक्सफर्डचा झाला. त्याच्या आजच्या आवृत्तीत शब्दाचा सोबती शब्दाजवळच ठळक छापलेला सापडतो. अर्थाआधी तो वहीत उतरवायचा. तेही आठवड्याला पाचच.

पाठ झालेली जोडी प्रश्नात मात्र मोडते. खिडकीजवळच्या नर्सला पेशंटला विचारायचं होतं की तुम्हाला कशाची ॲलर्जी आहे. "व्हॉट आर यू ॲलर्जिक?" एवढ्यावर ती थांबली. 'टू'पुढे शब्द नाही म्हटल्यावर तिने तो सोडूनच दिला. "शेवटी लटकला तरी ठेवायचा," मॅडम म्हणाल्या आणि वर्गाकडून "व्हॉट आर यू ॲलर्जिक टू?" म्हणून घेतलं. प्रश्नात 'टू' शेवटी येतो, म्हणून तो स्पष्ट ऐकू आला पाहिजे, हेही त्यांनी म्हणून दाखवलं.

सगळ्यात चिवट निघालं ते 'डिस्कस'. त्याच्यापुढे काहीच लागत नाही. 'डिस्कशन अबाउट द केस' बरोबर, पण 'डिस्कस द केस'. "आमचे डॉक्टरसुद्धा 'डिस्कस अबाउट' म्हणतात," ती नर्स म्हणाली. मॅडमनी ते नाकारलं नाही. भारतात हे सर्रास चालतं, वॉर्डात कुणाला दुरुस्त करायला जाऊ नकोस, मुलाखतीत मात्र 'अबाउट' गाळ, असं त्यांनी सांगितलं. तिने वहीत 'डिस्कस' लिहिलं, पुढची जागा मोकळी सोडली आणि रेघ त्या मोकळ्या जागेखालूनही नेली.