पंगतीचा भात आणि खडूची खूण

आमच्या गावी दर वर्षी चैत्रात हरिनाम सप्ताह होतो. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन आणि मग महाप्रसाद. पाचशे पाने सहज उठतात. असे सप्ताह गावोगाव होतात आणि तिथे राबणारी मंडळी हौशी असतात. शिजवणारे आणि वाढणारे यांनी काय काय तपासावे, ते आम्ही या पाठात सांगणार आहोत. त्यातही भाताकडे जास्त लक्ष देणार आहोत. का, ते आधी ऐका.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी आचाऱ्याला दुसऱ्या गावचेही काम होते. म्हणून त्याने पहाटे चार वाजताच सगळा भात शिजवला. साठ किलो तांदूळ! भात दोन मोठ्या डेगींत भरला, वर ओले फडके घातले, त्यावर गोणपाट टाकले. तो गेला. आम्ही म्हटले, बरे झाले, एक काम उरकले. कीर्तन लांबले. पहिली पंगत एक वाजता बसली, शेवटची साडेतीनला. भाताला वास नव्हता. चवही बिघडली नव्हती. पण दिवे लागायच्या आत घराघरांतून ओकाऱ्या सुरू झाल्या. तीस-पस्तीस माणसे आजारी पडली. शेवटच्या पंगतीची माणसे जास्त. लहान मुलांचे फार हाल झाले. देवाच्या कृपेने सगळे बरे झाले.

प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “भात किती वाजता शिजला?”

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. कोणी म्हणे पहाटे, कोणी म्हणे सकाळी. नक्की कोणालाच सांगता येईना. दोष एकट्या आचाऱ्याचा नव्हता. आम्हीही बघत होतो, पण विचारले नाही.

आता शिजलेला भात बाधतो कसा, ते समजून घेऊ. उन्हाळ्यात रानात कोरड्या ढेकळांत गवताचे बी पडून असते. ऊन लागते, तरी ते मरत नाही. मृगाचा पाऊस पडला की उगवते. तांदळाला शेतातल्या मातीतून एक प्रकारचे जंतू चिकटून येतात. त्यांचेही असेच बी असते. तांदूळ उकळला तरी ते बी मरत नाही. भात कोमट झाला की त्याला ऊब मिळते, ओल मिळते. मग ते जागे होते आणि वाढते. वाढताना भातात विष सोडते. मोठ्या डेगीतला भात वरून गार लागतो, पण मधला भात तासन् तास कोमट राहतो. गोणपाटाने तो आणखी कोमट राहतो.

पुष्कळ लोक म्हणतात, “त्यात काय, पुन्हा गरम करू.” इथेच चूक होते. पुन्हा तापवल्याने जंतू मरतात, पण त्यांनी सोडलेले विष तसेच राहते. वास घेऊनही हे कळत नाही. म्हणून नाकावर विसंबू नये, घड्याळावर विसंबावे.

यावर उपाय एकच. भात एकदम शिजवू नये. पंगतीपंगतीने शिजवावा.

पाचशे माणसांचा हिशेब करून बघू. बेत असा: भात, तुरीची आमटी, वांगी-बटाट्याची भाजी आणि बुंदी. एका पंगतीला सव्वाशे माणसे बसली तर चार पंगती होतात. एका पंगतीला पंधरा किलो तांदूळ लागतो. म्हणजे चार पंगतींना साठ किलो. तूरडाळ वीस किलो पुरते. भाजीला वांगी-बटाटे मिळून पन्नास किलो घ्यावेत. बुंदीला बेसन दहा किलो आणि साखर पंधरा किलो घेतली, तर प्रत्येकाच्या पानात मूठभर बुंदी पडते.

यातली बुंदी आदल्या दिवशी केली तर चालते. ती तळलेली असते, पाकात मुरलेली असते. साखर भरपूर असल्याने तिच्यात जंतू सहसा वाढत नाहीत. कोरड्या डब्यात झाकून ठेवावी, म्हणजे झाले. भात, आमटी, भाजी मात्र त्याच दिवशी. आदल्या रात्री बटाटे उकडून ठेवू नयेत. डाळही शिजवून ठेवू नये.

आता वेळ बघा. पहिली पंगत सव्वाबाराला बसवायची आहे. एक पंगत उठून दुसरी बसायला पाऊण तास लागतो. म्हणून भाताची पहिली डेग बाराला तयार हवी, दुसरी पाऊणला, तिसरी दीडला आणि चौथी सव्वादोनला. दोन चुली आणि दोन डेगी असल्या की हे जमते. पहिल्या चुलीवर पहिली आणि तिसरी डेग, दुसऱ्या चुलीवर दुसरी आणि चौथी. आधणाचे पाणी तिसऱ्या चुलीवर सारखे उकळत ठेवावे. म्हणजे डेग तयार व्हायच्या पाऊण तास आधी तांदूळ वैरला तरी पुरते. हल्ली लाकडांऐवजी गॅसची भट्टी असते. तिच्यावर थोडे लवकर होते, पण क्रम हाच ठेवावा.

कीर्तन लांबले तर? तांदूळ वैरायचा थांबवावा. एक स्वयंसेवक मांडवात उभा करावा. कीर्तनकार काल्याच्या अभंगावर आले की त्याने चुलीपाशी निरोप द्यावा. कच्चा तांदूळ कितीही वेळ वाट बघतो. शिजलेला भात वाट बघत नाही.

आमटीचे निराळे आहे. ती उतरवून ठेवू नये. शेवटच्या पंगतीपर्यंत मंद जाळावर ठेवावी. कडेने बुडबुडे येत राहिले पाहिजेत. बादलीत काढलेल्या आमटीतून वाफ निघत असावी. वाफ थांबली की बादली परत आणून आमटी उकळीत ओतावी. गरम आमटी वाढताना पोरांच्या पाठीमागून बादली नेऊ नये. समोरून न्यावी. पाठीवर सांडल्याचे आम्ही पाहिले आहे.

भांडी तपासावीत. देवळातले जुने तांब्या-पितळेचे हंडे आणि डेगी वापरायच्या असतील, तर आत कल्हई आहे का ते बघा. कल्हई उडाली असेल, तर चिंच घातलेली आमटी त्यात कळकते. तिची चव तुरट लागते, रंग हिरवट होतो, आणि खाणाऱ्याला लगेच मळमळते. अशा भांड्यात नुसते आधणही ठेवू नये.

आता वाढणाऱ्यांविषयी. ज्याच्या हाताला गळू किंवा चिघळलेली जखम आहे, त्याने अन्नाला हात लावू नये. त्या पुवातले जंतूही अन्नात विष सोडतात, आणि तेही तापवून जात नाही. ज्याला दोन दिवसांत जुलाब किंवा ओकारी झाली, त्यानेही वाढू नये. त्याला रागावून घरी पाठवू नका. जोडे सांभाळणे, म्हाताऱ्यांना बसवून देणे, ही कामे द्या. बाकी सर्वांनी साबणाने हात धुवावेत. भात हाताने वाढू नये, डावाने वाढावा. बादलीत जुना भात उरला असेल, तर त्यावर नवा भात ओतू नये. बादली रिकामी करावी, धुवावी, मग भरावी. नाहीतर जुना भात तळाशीच राहतो आणि शेवटच्या माणसाच्या पानात पडतो.

पिण्याच्या पाण्यासाठी ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या माणसाला आदल्या दिवशीच गाठावे. टाकीत जंतुनाशक पावडर त्यानेच मापाने टाकावी. त्यानंतर निदान तासभर ते पाणी घेऊ नये.

चौथ्या डेगीचा तांदूळ वैरण्याआधी राहिलेली माणसे मोजावीत. साठच असली तर तांदूळ सात-आठ किलोच घ्यावा. तरीही भात उरला तर? घरी नेणाऱ्याला बुंदी द्या, भात देऊ नका. तो घरी गेल्यावर रात्रीपर्यंत पडून राहतो. गाईबैलांपुढेही ढीग ओतू नका. फार भात खाल्ला की जनावराचे पोट फुगते, प्रसंगी ते दगावते. उरलेला भात खड्ड्यात पुरावा. अन्न पुरताना जीव हळहळतो खरा. म्हणूनच आधी माणसे मोजायची.

एवढे करूनही कोणाला ओकारी-जुलाब झालेच, तर आरोग्य केंद्रात लगेच कळवावे. लपवू नये. तोवर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट पाजावे. चमचा चहाचा, लहान घ्यावा. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर क्षणभरही थांबू नये.

आता खडूची गोष्ट. त्या वर्षानंतर आम्ही एक रीत पाडली. भात शिजून तयार झाला की डेगीच्या झाकणावर खडूने वेळ लिहायची. पहिल्या वर्षी हे काम कोणाला द्यावे, असा प्रश्न पडला. आमच्या रात्रीच्या वर्गाला येणाऱ्या एक आजी पुढे झाल्या. म्हणाल्या, “गुरुजी, मला आकडे येतात. मी लिहिते.” त्यांनी चारी झाकणांवर मोठ्या अक्षरांत वेळ लिहिली. दुसऱ्या डेगीला उशीर झाला. एक तरुण वाढपी पहिल्या डेगीतला तळाचा भात तिसऱ्या पंगतीला न्यायला लागला. आजींनी झाकण दाखवले आणि म्हणाल्या, “बाळा, हा बाराचा आहे. ताजा उतरलाय, तो ने.” तो मुकाट्याने वळला.

तुम्हालाही आता आकडे लिहिता येतात. पुढची यादी मोठ्या अक्षरांत उतरवून चुलीजवळच्या भिंतीला लावा. जे झाले त्यापुढे बरोबरची खूण करा.

१. माणसे किती, पंगती किती, हे ठरले का?
२. पाण्यात पावडर टाकून तास झाला का?
३. भांड्यांची कल्हई पाहिली का?
४. वाढणाऱ्यांचे हात पाहिले का? साबण ठेवला का?
५. मांडवात निरोप्या उभा आहे का?
६. प्रत्येक झाकणावर वेळ लिहिली का?
७. आमटी जाळावर आहे का? वाफ निघते का?
८. बादली धुऊन मगच भरली का?
९. चौथ्या डेगीआधी माणसे मोजली का?

नऊही खुणा झाल्या की मगच स्वयंसेवकांनी आपली पाने मांडावीत. आमच्याकडे आजींचे पान पहिले मांडतात.