दिवा लावला की आजोबा दिसतात!

दिवा बंद असताना ही वस्तू अगदीच साधी दिसते. पांढरट प्लॅस्टिकची, हाताला खडबडीत लागणारी एक वाकडी पाटी. मागे दिवा लावला की मात्र त्याच पाटीवर कपाळावरच्या आठ्या, मिशी, चष्म्याची काडी असा आख्खा चेहरा उमटतो. शाई नाही, रंग नाही. फक्त प्लॅस्टिक कुठे जाड आहे आणि कुठे पातळ, एवढाच खेळ! याला म्हणतात लिथोफेन.

कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये पॉल द बूर्गोइंग यांनी 1827 मध्ये तिचं पेटंट घेतलं. तेव्हा कारागीर काचेवर मेणाचा थर देऊन, मागून उजेड घेत तो कोरायचे. त्यावरून प्लास्टरचा साचा काढून त्यात पोर्सिलेन ओतायचे. आज मेण कोरायचं काम सॉफ्टवेअर करतं आणि साच्याऐवजी थ्रीडी प्रिंटर असतो. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात प्लॅस्टिकच्या पार्टची भिंत कुठे जाड, कुठे पातळ झाली की तो दोष मानतात. इथे तोच ‘दोष’ आपण मोजूनमापून मुद्दाम करतो.

माझ्या एका वर्गमैत्रिणीने तिच्या आजोबांच्या फोटोचा लिथोफेन केला. 1954 साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, म्हणजे आपल्या ‘एचए’त, ते नोकरीला होते. घरात त्यांचा तरुणपणीचा एकच फोटो उरलाय, कंपनीच्या पासवरचा. साधारण 25 बाय 35 मि.मी.चा, कृष्णधवल. तो एन्लार्ज केला की नुसता धूसर होतो. म्हणून आजीसाठी तिने लिथोफेनचा पर्याय निवडला.

एवढासा फोटो पुरतो?

पुरतो, आणि त्याचं कारण नोझलमध्ये आहे. कॉलेजच्या लॅबमधल्या बहुतेक प्रिंटरचं नोझल 0.4 मि.मी.चं असतं. म्हणजे 100 मि.मी. रुंद चित्रात आडवे फार तर अडीचशे ठिपके बसतात. तो पासचा फोटो 600 डीपीआयला स्कॅन केला की रुंदीत जवळपास 590 पिक्सेल मिळतात. गरजेच्या दुपटीहून जास्त! याउलट मोबाइलवरचा चार हजार पिक्सेलचा ग्रुप फोटो इथे काही कामाचा नाही. त्यात प्रत्येक चेहऱ्याच्या वाट्याला वीस-पंचवीस ठिपके येतात आणि सगळे सारखेच दिसायला लागतात. त्यामुळे एकच चेहरा घ्या, तो चौकटभर असू द्या आणि उजेड एका बाजूने आलेला असेल तर फारच उत्तम.

जाडीचं गणित

फोटोतला पांढरा भाग पातळ होतो, काळा भाग जाड. प्रश्न असा की, किती पातळ आणि किती जाड?

प्लॅस्टिकमधून उजेड वजाबाकीने नाही, भागाकाराने कमी होतो. समजा एका फिलामेंटमध्ये 1 मि.मी. जाडीतून एक तृतीयांश उजेड पार जातो. मग 2 मि.मी.मधून एक नवमांश जाईल आणि 3 मि.मी.मधून सत्ताविसावा भाग. मैत्रिणीने सगळ्यात पातळ भाग 0.8 आणि सगळ्यात जाड भाग 3 मि.मी. ठेवला. या हिशेबाने तिच्या चित्रातली सर्वांत उजळ जागा सर्वांत काळ्या जागेपेक्षा सुमारे अकरा पट उजळ झाली. चेहरा ओळखू यायला हे भरपूर आहे.

मग काळं आणखी काळं व्हावं म्हणून 5 मि.मी. का नको? कारण एका मर्यादेनंतर डोळ्याला फरकच कळत नाही. खोलीतला उजेड पाटीच्या पुढच्या बाजूवर पडतच असतो, त्यात त्या गडद छटा बुडून जातात. केस, कोट आणि मागची सावली यांचा एकच काळा गोळा होतो. प्रिंटिंगचा वेळ मात्र वाढतो. खालच्या टोकालाही कारण आहे. 0.8 म्हणजे 0.4च्या नोझलच्या दोन रेघा शेजारी शेजारी. त्याहून पातळ गेलात तर एकच रेघ उरते, तिच्यात फटी पडतात आणि कपाळावर पांढरे टिपके चमकतात.

हे आकडे प्रत्येक रिळाला तंतोतंत लागू पडत नाहीत. पांढरं पीएलए घ्यायचं हे ठरलेलं, पण एक पांढरं दुधासारखं असतं तर दुसरं खडूसारखं. म्हणून आधी एक छोटी पायऱ्यांची पट्टी प्रिंट करायची, 0.4 पासून 4 मि.मी.पर्यंत दर पायरीला 0.4 वाढवत. ती आपल्याच दिव्यासमोर धरायची. ज्या पायरीला मागच्या एलईडीचे ठिपके दिसायचे थांबतात, ती तुमची किमान जाडी. ज्या पायरीनंतर पुढची पायरी वेगळी ओळखू येत नाही, ती कमाल. अर्ध्या-पाऊण तासाच्या या पट्टीने पुढचे आठ तास वाचतात.

पाटी झोपवायची नाही

पहिल्यांदा करणारा माणूस पाटी बेडवर आडवी ठेवतो. सोपं वाटतं, पण फसगत इथेच होते. आडव्या पाटीत जाडी लेयरने ठरते. 3 मधून 0.8 वजा केले की 2.2 मि.मी. उरतात. लेयर 0.2चा असेल तर चित्राला मिळाल्या फक्त बारा छटा, आणि त्यातल्या गालाच्या वाट्याला पाच-सहा. मग गालावर भूगोलाच्या नकाशातल्या समोच्च रेषांसारखे पट्टे उमटतात.

पाटी उभी केली की जाडी लेयरवर अवलंबून राहत नाही. ती ठरते नोझल आडवं किती सरकलं यावर, आणि प्रिंटरच्या मोटरी नोझलला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास सरकवू शकतात. त्यामुळे गालाची सावली सलग उतरते. मैत्रिणीची 100 बाय 140ची पाटी 0.12च्या लेयरने उभी प्रिंट केली, म्हणजे सुमारे 1,170 लेयर झाले. फिलामेंट लागलं पस्तीस-चाळीस ग्रॅम, वेळ सात-आठ तास. इन्फिल शंभर टक्के ठेवायचं. नाहीतर दिवा लावल्यावर आजोबांच्या चेहऱ्यावर आतली जाळी दिसते. वेगही सेकंदाला 30 मि.मी.च्या आसपासच बरा. वेग वाढला की नोझल थरथरतं आणि चष्म्याच्या कडेशेजारी पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेषा येतात.

वाकवण्याचे दोन फायदे

उभ्या पाटीची अडचण उघड आहे. 14 सें.मी. उंच आणि काही ठिकाणी मिलिमीटरभरही जाड नसलेली सपाट पाटी वर वर जाताना डुलते. पोस्टकार्ड टेबलावर उभं राहत नाही, पण जरा वाकवलं की राहतं. तेच इथे करायचं.

मैत्रिणीने 90 अंशांची कमान घेतली. कमानीची लांबी 100 मि.मी., म्हणून त्रिज्या आली सुमारे 64. दोन टोकांमधलं सरळ अंतर 90 आणि कमानीची खोली साधारण 19. पाटीला 19 मि.मी. खोलीचा पाया मिळाला, त्यात स्लायसरमधून ब्रिम लावली आणि ती शेवटपर्यंत हलली नाही.

दुसरा फायदा उजेडाचा. सपाट पाटीमागे एक बल्ब ठेवला की मधला भाग भगभगीत होतो आणि कडा अंधारतात. कमानीच्या केंद्राशी, म्हणजे पाटीपासून 64 मि.मी. मागे, बल्ब ठेवला तर आडव्या दिशेने प्रत्येक भाग बल्बपासून सारख्याच अंतरावर येतो. वर-खाली थोडा फरक राहतो, पण लांबट एलईडीने तोही कमी होतो. म्हणून आधी दिवा ठरवायचा आणि मग कमान. कमान 180 अंशांपर्यंत नेली तर चित्र गोलाईवर पसरतं आणि समोरून बघताना दोन्ही कान दिसेनासे होतात.

बॉर्डर: कामाची, पण एक खोडी असलेली

बॉर्डर कमाल जाडीचीच ठेवतात, इथे 3 मि.मी. रुंद आणि तेवढीच जाड. तिच्यामुळे कडा ताठ राहतात आणि चारही बाजूंना गडद रेघ येते. त्या रेघेशेजारी फिकट चेहराही उजळ वाटतो. दहा मि.मी.ची बॉर्डर केलीत तर चित्राची जागाच खाल्ली जाते.

खोडी वरच्या बॉर्डरमध्ये आहे. पासच्या फोटोत डोक्यामागची भिंत पांढरी, म्हणजे तिथे जाडी 0.8. त्याच्या लगेच वर 3 मि.मी.ची बॉर्डर सुरू होते. म्हणजे 2.2 मि.मी.चा छज्जा हवेत! प्लॅस्टिकचे धागे खाली लोंबतात आणि डोक्यावर एक घाणेरडी रेघ दिसते. उपाय फोटोतच करायचा. वरच्या कडेची साधारण वीस पिक्सेलची पट्टी पांढऱ्यापासून हळूहळू काळी करत न्यायची. पाटीवर तिची उंची तीनेक मि.मी. भरते, छज्ज्याऐवजी उतार तयार होतो आणि प्रिंटर तो विनासायास चढतो.

फाइल बनवताना

3dp.rocks या साइटवर फोटो टाकून STL फाइल फुकट मिळते. मैत्रिणीने भरलेले मुख्य आकडे असे:

```
Thickness (MM): 3
Thinnest Layer (MM): 0.8
Border (MM): 3
Curve: 90
Positive Image
```

शेवटची ओळ विसरू नका. तिथे `Negative Image` राहिलं तर काळं-पांढरं उलटं होतं. प्रिव्ह्यूमध्ये मिशी आणि केस उठलेले, कपाळ खोलगट दिसलं पाहिजे. उलटं दिसलं तर तिथेच थांबा.

आणि बल्ब एलईडीचाच. पीएलए साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडतं. जुना तापणारा बल्ब लावला किंवा पाटी मे महिन्यात चाकणच्या पार्किंगमध्ये बंद गाडीत राहिली, तर कमान बसते आणि चेहरा वाकडा होतो.

आजीकडे ती पाटी आता देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे. दिवसा ती कोणाच्या लक्षातही येत नाही. संध्याकाळी आजी स्वतः बटण दाबते.