निविदेची फेरबेरीज : न्यूनतम निविदाकार नेमका कोण?

निविदा उघडल्या जातात, प्रत्येकाची एकूण रक्कम मोठ्याने वाचली जाते आणि सर्वांत कमी रकमेच्या निविदाकाराचे नाव उपस्थितांच्या मनात पक्के होते. वस्तुतः त्या क्षणी वाचलेली रक्कम ही निविदाकाराने स्वतः केलेल्या गुणाकार-बेरजेचे उत्तर असते. ते तपासून पाहिल्याखेरीज तौलनिक तक्ता पूर्ण झाला, असे म्हणता येत नाही.

बेंगळुरूमधील एखाद्या निवासी संघाने इमारतीच्या दुरुस्तीसाठी निविदा मागविल्या आहेत, असे उदाहरणादाखल मानू. कामे तीनच : गिलावा १,२०० चौरस मीटर, गच्चीचे वॉटरप्रूफिंग ८०० चौरस मीटर आणि बाहेरचा रंग ३,००० चौरस मीटर. आलेले दर व निविदाकारांनी लिहिलेल्या एकूण रकमा अशा :

| निविदाकार | गिलावा (रु.) | वॉटरप्रूफिंग (रु.) | रंग (रु.) | लिहिलेली एकूण रक्कम (रु.) |
|---|---|---|---|---|
| अ | ४२० | ६५० | १८० | १५,०४,००० |
| ब | ४१० | ६४० | १७८ | १५,३८,००० |
| क | ४०० | ६३० | १८१ | १५,७२,००० |

वरवर पाहता 'अ' पहिला ठरतो. परंतु त्याचे वॉटरप्रूफिंगचे कलम पाहावे. ८०० गुणिले ६५० म्हणजे ५,२०,००० रुपये. त्याने लिहिले आहेत ४,६०,०००. दुरुस्तीनंतर त्याची निविदा १५,६४,००० रुपयांची होते आणि पहिला क्रमांक जातो.

बहुतेक समित्या येथेच थांबतात. 'अ' बाद झाला, 'ब'ची बेरीज बिनचूक आहे, तेव्हा काम 'ब'ला द्यावे, असा निष्कर्ष निघतो. खरी चूक या निष्कर्षात आहे, कारण 'क'ची बेरीज कोणी केलेलीच नसते. त्याची तीनही कलमे अनुक्रमे ४,८०,०००, ५,०४,००० व ५,४३,००० रुपयांची असून एकूण १५,२७,००० रुपये होतात. त्याने दोन अंकांची अदलाबदल करून १५,७२,००० लिहिले. म्हणजे शेवटचा वाटणारा निविदाकारच वास्तविक न्यूनतम आहे. केवळ पहिल्याची तपासणी केली असती, तर संघाला ११,००० रुपये अधिक मोजावे लागले असते आणि 'क'वर अन्याय झाला असता. म्हणून फेरबेरीज करावी ती सर्वांची, आणि प्रत्येक ओळीतील गुणाकारापासून.

चूक कोठे आहे, याचा सुगावा फरकावरूनही लागतो. 'क'च्या दोन रकमांतील फरक ४५,००० रुपये आहे व त्यास ९ ने नि:शेष भाग जातो. शेजारचे अंक उलटसुलट लिहिले गेल्यास असे होते, हे रोकडवहीचा ताळा घेणाऱ्यांना परिचित आहे. 'अ'चा ६०,००० रुपयांचा फरक ९ ने विभागला जात नाही. तेव्हा एखाद्या कलमाचा गुणाकार पाहावा. संगणकावरील तक्त्यात मात्र शेवटची ओळ बेरजेच्या कक्षेत आली आहे की नाही, हे आधी पाहावे.

दुरुस्ती कोणत्या नियमाने करावयाची, हे निविदेच्या अटींत आधीच लिहिलेले असावे. सर्वसाधारण संकेत असा की, दर व रक्कम यांत तफावत असल्यास दर ग्राह्य धरून रक्कम बदलावी. अंक व अक्षरे यांत तफावत असल्यास काय करावे, याबाबत मात्र सर्वत्र एकच नियम नाही. ती अट वाचूनच ठरवावे. दुरुस्त रक्कम निविदाकारास लेखी कळवून त्याची संमती घेतली जाते. ती नाकारल्यास निविदा फेटाळली जाऊन बयाणा रक्कम जप्त होऊ शकते, अशी अट अनेक निविदांत असते. बयाण्यापोटी बँक हमी दिली असल्यास ती वटविण्याचा प्रसंग येतो.

फेरबेरजेला मर्यादाही आहे. तिने बेरीज सुधारते, दर नव्हे. पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथील उदंचन जलविद्युत प्रकल्पाच्या निविदेत पटेल इंजिनिअरिंग व तिच्या सहयोगी कंपन्यांनी संगणकाच्या दोषामुळे आपले दरच चुकीचे उमटले, असे सांगून ते सुधारण्याची अनुमती मागितली. कलकत्ता उच्च न्यायालयात त्यांना अनुकूल निर्णय मिळाला. परंतु १० जानेवारी २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. निविदेच्या अटी सर्वांना सारख्याच लागू होतात आणि उघडलेल्या निविदेतील दर मागाहून बदलू दिल्यास इतर स्पर्धकांवर अन्याय होतो, ही त्यामागील भूमिका होती.

तेव्हा 'अ'ने उद्या "माझा दर ६५० नसून ५७५ होता" असे म्हटले, तरी त्याची निविदा १५,६४,००० रुपयांचीच राहील. तौलनिक तक्त्यावर लिहिलेली व दुरुस्त अशा दोन्ही रकमांचे स्वतंत्र रकाने ठेवावेत, प्रत्येक दुरुस्तीपुढे कारण लिहावे आणि तपासणाऱ्या दोन व्यक्तींनी त्याखाली स्वाक्षऱ्या कराव्यात. 'क'ला काम का मिळाले, असे 'ब'ने विचारल्यास तोच तक्ता त्याच्यापुढे ठेवता येतो.