भिंत पांढरी करा, माणूस कापू नका

ओळखपत्राचा किंवा अर्जाचा फोटो हल्ली बरेच जण घरातच काढतात. फोनचा कॅमेरा चांगला असतो, भिंतही साधी असते. अडतं ते एवढंच की भिंत क्रीम रंगाची आणि फॉर्मवर लिहिलेलं असतं ‘पांढरी पार्श्वभूमी’. मग झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा डोक्याच्या कडेकडेने माऊस फिरवतो, मागची भिंत उडवतो आणि तिथे पांढरा रंग ओततो. दोन मिनिटांत फोटो तयार. पण नीट पाहिलं की केस कात्रीने कापल्यासारखे दिसतात आणि डोक्याभोवती पिवळसर रेघ राहते. ती घालवायला कड मऊ केली, तर केसांभोवती धुकं पसरतं.

यात मुलाच्या हाताचा दोष फारसा नाही. फोटोत केस आणि भिंत यांच्यामध्ये रेघ अशी नसतेच. केस एका पिक्सेलपेक्षाही बारीक असतो, त्यामुळे कडेच्या पिक्सेलमध्ये थोडा केस आणि थोडी भिंत मिसळलेली असते. तो पिक्सेल ठेवला तर त्यातली क्रीम भिंतही सोबत येते, आणि काढला तर केस जातो.

आकड्यांत पाहू. संगणकाच्या हिशेबात लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग २५५ असले की पूर्ण पांढरा. समजा, भिंत २२०, २१२, १९६ अशी आहे आणि मुलीचे काळे केस ३०, २५, २२. निम्मा केस आणि निम्मी भिंत असलेला पिक्सेल साधारण १२५, ११८, १०९ येतो. हाच फोटो खऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर काढला असता, तर तो पिक्सेल १४२, १४०, १३८ च्या आसपास आला असता. आपल्याला गाठायचा तो हा आकडा. नुसती कड मऊ करून भागत नाही, कारण मिसळलेल्या पिक्सेलमध्ये निम्मा पांढरा पुन्हा मिसळला की तो १९० च्या घरात जातो. धुकं येतं ते इथून.

यावरचा उपाय म्हणजे भिंतीच्या रंगाने फोटोला भागायचं. फोटोतला प्रत्येक आकडा भिंतीच्या आकड्याने भागून २५५ ने गुणला की भिंत आपोआप २५५ होते. कडेच्या आपल्या पिक्सेलचं उत्तर येतं १४५, १४२, १४२, म्हणजे खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ. बट न बट जागच्या जागी राहते, पिवळी झाक जाते आणि कुठे काही कापावं लागत नाही. केस जितके काळे, तितका हिशेब बरोबर येतो. आपल्याकडे बहुतेकांना हे मानवण्यासारखं आहे.

GIMP हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घेऊ. फोटो उघडायचा, Color Picker मध्ये Sample average चालू करून भिंतीचा रंग उचलायचा. एकाच पिक्सेलवर भरवसा ठेवायचा नाही, कारण फोनच्या फोटोत साध्या भिंतीवरही बारीक ठिपके असतात. मग फोटोच्या वर नवा लेयर घेऊन तो या रंगाने भरायचा आणि लेयरचा Mode बदलून Divide करायचा. भिंत पांढरी होते. फोटोशॉपमध्येही याच नावाची सोय आहे.

अर्थात चेहराही पांढुरका होतो. १९०, १४०, ११५ असा गालाचा रंग भागाकारानंतर २२०, १६८, १५० होतो, पावडर फासल्यासारखा. म्हणून वरच्या लेयरला पांढरा लेयर मास्क लावायचा आणि चेहरा, मान, कपडे यांवर त्या मास्कमध्ये काळ्या ब्रशने रंगवायचं. जिथे काळं, तिथे भागाकार थांबतो आणि मूळ फोटो दिसतो.

खरं कसब इथे आहे. डोक्यावर रंगवताना ब्रश अगदी मऊ ठेवायचा आणि केसांच्या बाहेरच्या कडेपर्यंत न जाता थोडं आतच थांबायचं. दाट काळ्या केसांना भागाकाराने फारसा फरक पडत नाही, त्यामुळे मास्कची कड तिथे लपते आणि भुरभुरणाऱ्या बटा भागाकाराच्या हद्दीत राहतात. गाल, कान आणि खांद्याला उलटं करायचं: ब्रश जरा कडक, आणि कडेला एक-दोन पिक्सेलचीच मऊपणाची सूट. तिथे आत थांबलात तर गालाला फिकट पट्टी दिसते, बाहेर गेलात तर क्रीम रेघ उरते. हे काम मूळ मोठ्या फोटोवरच करायचं. शेवटी फोटो लहान केला की पिक्सेलभराची चूक दिसेनाशी होते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रत घेऊ नये. दाबून लहान केलेल्या त्या प्रतीत केसांभोवती मळकट चौकोन तयार झालेले असतात, आणि भागाकारानंतर ते जास्तच उठून दिसतात.

भिंत सगळीकडे सारखी उजळलेली क्वचितच असते. खिडकीकडची बाजू उजळ, दुसरी मंद. अशा वेळी लेयर एकाच रंगाने न भरता दोन्ही बाजूंचे रंग उचलून त्यांचा ग्रेडियंट ओढायचा. कानामागे सावली पडली असेल, तर त्या सावलीचाच रंग उचलून वरच्या लेयरवर मोठ्या मऊ ब्रशने तेवढ्या भागात लावायचा. भाजक गडद झाला की सावलीही पांढरी होते. हात मात्र आखडता ठेवायचा, कारण भाजक गरजेपेक्षा गडद झाला की बारीक केस नाहीसे होऊ लागतात.

पडद्यावर सगळं पांढरं दिसतं, पण डोळा फसतो. Layer मेनूतल्या New from Visible ने एक प्रत घ्यायची आणि तिच्यावर Colors मेनूतलं Threshold २५० च्या आसपास लावायचं. जे पुरेसं पांढरं नाही ते काळं दिसतं. कोपऱ्यातली मंद भिंत, खांद्यावरची राहिलेली सावली, मास्क चुकून बाहेर गेलेली जागा, सगळं उघडं पडतं. दुरुस्ती खालच्या लेयरांवर करून ती प्रत काढून टाकायची.

पिकलेल्या केसांना ही युक्ती चालत नाही. आजोबांचे केस भिंतीइतकेच किंवा भिंतीहून उजळ असतील, तर भागाकारात तेही २५५ ला जाऊन भिंतीत विरघळतात. पांढऱ्या शर्टाच्या खांद्याची तीच गत. शर्ट मास्कने वाचवता येतो, पण मूळचाच पांढरा असल्याने पांढऱ्यावर त्याची कड हरवते. त्यापेक्षा फोटो काढतानाच गडद कपडे घालायला सांगणं सोपं.

आणि एक मर्यादा कायद्याची. अमेरिकेच्या पासपोर्टसाठी संगणकाने बदललेला फोटो देऊ नये, असं तिथलं परराष्ट्र खातं स्पष्ट सांगतं. परदेशातल्या भारतीय दूतावासांच्या सूचनांतही सॉफ्टवेअरने फेरफार केलेला फोटो चालत नाही. भारतातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्या माणसांचा फोटो तिथेच काढतात. अगदी लहान मुलांचा मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीचा छापील फोटो न्यावा लागतो. अशा कामांना पांढरी चादर इस्त्री करून ताणून लावायची, माणसाला तिच्यापासून तीन-चार फूट पुढे आणि खिडकीकडे तोंड करून बसवायचं. सावली चादरीवर पोचत नाही. बाळ असेल तर त्याला चादरीवर निजवून वरून फोटो घ्यायचा, फक्त आपली सावली त्याच्या अंगावर पडणार नाही अशा बाजूला उभं राहायचं.