अनोळखी कीटोन आणि ५८ची रेघ

मधमाश्यांच्या पोळ्याच्या दारावर पहारा देणाऱ्या प्रौढ कामकरी माशीच्या जबड्यापाशी एक ग्रंथी असते. तिच्या स्रावाला तीव्र वास येतो आणि त्या वासाने बाकीच्या पहारेकरी माश्या सावध होतात. या स्रावात एक कीटोन असल्याचे शीअरर आणि बॉख या संशोधकांनी १९६५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. कीटोन म्हणजे कार्बनच्या साखळीत मध्येच एका कार्बनला दुहेरी बंधाने ऑक्सिजन जोडलेले संयुग. या कीटोनचे नाव थोडा वेळ बाजूला ठेवू. आज असा अर्क हाती आला, तर मास स्पेक्ट्रोमीटरच्या आलेखावरून तो कसा ओळखायचा, ते आधी पाहू.

अर्क प्रथम गॅस क्रोमॅटोग्राफच्या लांब, बारीक नळीतून जातो. तिथे त्यातले घटक वेगवेगळे होऊन एकामागून एक बाहेर पडतात. त्यापुढे निर्वात कक्षात प्रत्येक घटकावर ७० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा होतो. या धक्क्याने रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडतो आणि रेणूवर धनप्रभार येतो. आलेली ऊर्जा जास्त असल्याने बरेचसे रेणू लगेच तुटतात. यंत्र फक्त प्रभार असलेले तुकडे मोजते. प्रभार नसलेला तुकडा त्याला दिसत नाही. आलेखावरची प्रत्येक रेघ म्हणजे एका वजनाचा तुकडा, आणि रेघेची उंची म्हणजे त्या तुकड्यांची संख्या.

आपल्या आलेखावर सर्वांत उंच रेघ ४३वर आहे. तिच्या निम्म्याहून उंच एक रेघ ५८वर आहे. ७१वर बरीच लहान, तर ९९ आणि ११४वर अगदी बुटक्या रेघा आहेत. ११४च्या पुढे नोंद घ्यावी असे काही नाही.

वाचायला सुरुवात उजवीकडून करायची. ११४ हे न तुटलेल्या रेणूचे वजन असावे, असे धरू. पण ही रेघ बुटकी आहे, म्हणून पडताळा हवा. ११४मधून ९९ गेले की १५ उरतात, आणि CH3 या गटाचे वजन बरोबर १५ असते. असा गट तुटून जाणे रसायनशास्त्राला मान्य आहे. फरक ५ किंवा १० आला असता, तर दोनपैकी एक रेघ परकी समजावी लागली असती, कारण तेवढ्या वजनाचा तुकडा अशा रेणूतून निघत नाही. शिवाय वजन सम आहे. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढेच घटक असलेल्या रेणूचे वजन नेहमी सम येते. त्यात एक नायट्रोजन असता तर ते विषम आले असते. कीटोन असल्याचे ठाऊक असल्याने C7H14O हे सूत्र जुळते. सात कार्बनचे ८४, चौदा हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचे १६, मिळून ११४.

आता प्रश्न असा की सात कार्बनच्या साखळीत ऑक्सिजन कितव्या कार्बनवर आहे? साखळी सरळ धरली तर तीनच शक्यता उरतात: दुसरा, तिसरा किंवा चौथा कार्बन. कीटोन तुटतो तो बहुधा ऑक्सिजनवाल्या कार्बनच्या लगतच्या बंधापाशी. ऑक्सिजन तिसऱ्या कार्बनवर असता, तर एका बाजूने तुटून ५७ आणि दुसऱ्या बाजूने तुटून ८५ अशा ठळक रेघा दिसल्या असत्या. त्या इथे नाहीत, म्हणून तिसरा कार्बन बाद.

उरलेल्या दोघांत मात्र खरी अडचण आहे. ऑक्सिजन दुसऱ्या कार्बनवर असेल तर रेणू CH3CO आणि C5H11 अशा भागांत तुटतो. त्यांची वजने ४३ आणि ७१. चौथ्या कार्बनवर असेल तर भाग पडतात C3H7CO आणि C3H7. त्यांची वजने ७१ आणि ४३! वजने तीच, पण ऑक्सिजन पहिल्या रेणूत ४३च्या तुकड्यात आहे आणि दुसऱ्यात ७१च्या. साधे यंत्र पूर्णांकापर्यंतच वजन सांगते, त्यामुळे हा भेद त्याला कळत नाही. म्हणजे सर्वांत उंच रेघ इथे निर्णय देऊ शकत नाही. नवशिका नेमका तिच्यावरच विसंबतो.

निर्णय देते ५८ची रेघ, कारण ती सम आहे. सम वजनाच्या अशा रेणूतला एकच बंध तुटला तर तुकडा विषम वजनाचा निघतो. ४३, ७१ आणि ९९ तशाच आहेत. सम तुकडा निघायला रेणूतून एक संपूर्ण, स्थिर असा दुसरा रेणू बाहेर पडावा लागतो. फ्रेड मॅकलॅफर्टी यांच्या नावाने ओळखली जाणारी पुनर्रचना हेच करते. ऑक्सिजनवाल्या कार्बनपासून साखळीत पुढे मोजत गेलो, तर तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन ऑक्सिजनच्या अगदी जवळ येऊ शकतो, कारण साखळी वळून सहा अणूंचे कडे तयार होते. ऑक्सिजन तो हायड्रोजन उचलतो आणि त्या मोजणीतल्या पहिल्या व दुसऱ्या कार्बनमधला बंध तुटतो.

दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन असलेल्या रेणूत हे करून पाहू. बाहेर पडतो C4H8 म्हणजे ब्यूटीन, वजन ५६. ११४मधून ५६ वजा केले की ५८. चौथ्या कार्बनवर ऑक्सिजन असता तर एथिलीन, म्हणजे २८, निघून ८६ उरले असते. हीच क्रिया दुसऱ्या बाजूलाही घडली तर तिथेही ५८ मिळू शकते, पण ती रेघ क्षीण असते. आपली ५८ची रेघ भक्कम आहे आणि ८६ जवळजवळ नाहीच. म्हणून ऑक्सिजन दुसऱ्या कार्बनवर. उत्तर २-हेप्टॅनोन.

पण इथेच थांबणे मला घाईचे वाटते. साखळी सरळ आहे हे आपण गृहीत धरले होते, सिद्ध केलेले नाही. ऑक्सिजनला लागून असलेल्या तिसऱ्या कार्बनवर फाटा असता, तर तो फाटा उरलेल्या तुकड्यातच राहिला असता आणि ५८ऐवजी ७२ आले असते. तेवढे नक्की वगळता येते. फाटा त्याच्या पुढे असेल, तर तो बाहेर पडणाऱ्या तुकड्याबरोबर निघून जातो आणि ५८ तसेच राहते. ५-मिथाइल-२-हेक्झॅनोन हा असाच जुळा आहे. त्याचेही वजन ११४, तोही ४३ आणि ५८ देतो. या दोघांना नुसत्या रेघांवरून खात्रीने वेगळे सांगू नये.

आणखी एक सापळा अ‍ॅसिटोनचा. प्रयोगशाळेत तो सर्रास वापरतात. त्याचे स्वतःचे वजन ५८ आणि त्याचीही सर्वांत उंच रेघ ४३. भांडे धुताना राहिलेला अ‍ॅसिटोन आलेखात मिसळला, तर ५८ची रेघ फुगते आणि सगळा तर्कच ढासळतो. यासाठी ४३, ५८, ७१ आणि ११४ या चारही रेघा वेळेनुसार वेगवेगळ्या काढून पाहाव्यात. चारही एकाच क्षणी चढून एकत्र उतरत असतील तर त्या एकाच पदार्थाच्या. ५८ एकटीच आधीपासून रेंगाळत असेल तर ती पार्श्वभूमीची.

अधिक अचूक वजन करणारे यंत्र हाताशी असेल, तर ४३चा तिढाही सरळ सुटतो. CH3CO चे वजन ४३.०१८ भरते आणि C3H7 चे ४३.०५४. फाट्याच्या जुळ्याला मात्र हेही यंत्र पकडत नाही, कारण त्याचे ४३ आणि ५८चे तुकडे अणू न् अणू तेच आहेत. त्याला पकडते ती क्रोमॅटोग्राफची नळी. २-हेप्टॅनोन सुमारे १५१ अंश सेल्सियसला उकळतो आणि फाट्याचा जुळा सुमारे १४५ अंशांना, त्यामुळे साध्या, अध्रुवीय नळीतून जुळा थोडा आधी बाहेर पडतो. शेवटची कसोटी म्हणजे शुद्ध २-हेप्टॅनोन विकत आणून त्याच नळीतून, त्याच तापमानक्रमाने सोडणे, आणि मग त्याचा थेंबभर अंश माशीच्या अर्कातच मिसळून पुन्हा चालवणे. आधीचेच शिखर न फुटता उंच झाले, तर नाव लिहावे. शेजारी दुसरे शिखर उगवले, तर तो पदार्थ वेगळा आहे आणि फाट्याच्या जुळ्याचा शुद्ध नमुना मागवावा लागेल.